तांड्यावर सोलरची सामाईक वीज : ४० घरांसाठी प्लँट किती मोठा, तार कशी आणि महिन्याचं बिल किती?

लोणार (जि. बुलडाणा) : मुख्य गावापासून दोन-तीन किलोमीटर आत असलेला तांडा, वावरातली वस्ती, जंगलाच्या कडेची वाडी. अशा ठिकाणी वीज एक तर पोचलेली नसते, नाहीतर शेतीच्या फिडरवर असते आणि संध्याकाळी नेमकी नसते. मग कुणीतरी सुचवतं की एक सोलर प्लँट बसवू, तिथून तारा ओढू आणि सगळ्या घरांना वीज देऊ. यालाच सोलर मिनी-ग्रिड म्हणतात. प्रत्येकाच्या छपरावर वेगळं पॅनल बसत नाही. वस्तीचा प्लँट एक, बॅटरी एक, खांब सामाईक आणि प्रत्येक घराला आपला मीटर.

महाराष्ट्रात हे झालेलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडी या डोंगरातल्या आदिवासी वाडीत २०१२ साली ९.४ किलोवॅटचा असा प्लँट सुरू झाला. घरं चाळीसच्या आसपास. पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' कंपनीने तो उभारला, पैसा बॉश कंपनीकडून आला आणि कारभार गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे दिला. उलटं उदाहरण बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईचं. तिथे २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने तब्बल १०० किलोवॅटचा प्लँट बसला आणि देशभर बातम्या झाल्या. काही वर्षांतच बॅटऱ्या संपल्या, नव्या आल्या नाहीत, तोवर सरकारी लाईन आली आणि प्लँट बंद पडला.

पॅनल साधारण २५ वर्षं चालतं. वस्तीचा प्लँट अडतो तो बॅटरीपाशी, आणि बॅटरी बदलायचे पैसे महिन्याच्या बिलातूनच जमावे लागतात. म्हणून प्लँटचा आकार, तार, मीटर आणि वसुली हे चारही हिशेब एकत्रच करावे लागतात. लोणार तालुक्यातला ४० घरांचा एक तांडा डोळ्यासमोर धरून तो हिशेब करून पाहू. तांडा कल्पनेतला आहे, आकडे मात्र तुमच्या वस्तीला लावून बघता येतील.

आधी घरातली वीज मोजा

बरेच लोक सुरुवातीलाच 'किती किलोवॅटचा प्लँट बसवू' असं विचारतात. पण आधी विचारायला हवं की एका घराला दिवसाला किती युनिट लागतात. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

आपल्या तांड्यातलं एक घर घ्या. ९ वॅटचे ४ बल्ब पाच तास चालले की १८० वॅट-तास. ४० वॅटचा टीव्ही तीन तास चालला की १२०. मोबाईल चार्जिंगचे २०. उरला पंखा. साधा पंखा ७५ वॅट ओढतो, म्हणजे आठ तासांत ६००. बीएलडीसी पंखा तीच हवा ३० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे आठ तासांत २४०.

साधा पंखा असेल तर घराला रोज ९२० वॅट-तास लागतात, बीएलडीसी असेल तर ५६०. चाळीस घरांचे रोजचे ३७ युनिट होतात, किंवा साडेबावीस. नुसत्या पंख्यापायी रोज १४ युनिटचा फरक पडतो आणि तेवढ्यासाठी पाच किलोवॅटची जादा पॅनलं आणि मोठी बॅटरी लागते. चाळीस पंखे बदलणं त्यापेक्षा खूपच स्वस्त पडतं. म्हणून पंखे आणि बल्ब प्लँटच्या खर्चातच धरून वस्तीला द्यावेत.

आता सामाईक वापर. १८ वॅटचे १० पथदिवे रात्रभर चालले की २ युनिट. अंगणवाडी आणि शाळा मिळून १ युनिट. ३ एचपीची पिठाची चक्की दिवसा दोन तास चालली की ५ युनिट. सगळी बेरीज होते रोज ३० युनिटच्या थोडी वर.

प्लँट पावसाळ्याच्या हिशेबाने धरा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे भरपूर ऊन असतं. एक किलोवॅटच्या पॅनलला रोज सहा तासांच्या कडक उन्हाइतका प्रकाश मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये हाच आकडा चारच्या आसपास येतो. त्यातलं सगळं घरापर्यंत पोचत नाही. पॅनल तापल्याने, धुळीने, बॅटरीत भरताना-काढताना, इन्व्हर्टरमध्ये आणि तारेत मिळून तिसरा हिस्सा तरी जातो. १०० पैकी ६५ पोचतात असं धरा.

पावसाळ्यात एक किलोवॅटमागे चार गुणिले ०.६५, म्हणजे २.६ युनिट घरी पोचतात. आपल्याला हवेत ३०. तीसला २.६ ने भागलं की साडेअकरा येतात, म्हणून प्लँट १२ किलोवॅटचा. ५४० वॅटची २२ पॅनलं. जागा साधारण १२०० चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्यापेक्षा थोडी जास्त. बॅटरीची खोली आणि कुंपण धरून दोन गुंठे मोकळी, सावली न पडणारी जागा हवी.

उन्हाळ्याचा हिशेब धरला असता तर आठ किलोवॅटमध्ये काम भागल्यासारखं दिसलं असतं. विकणारा कधीकधी तेच दाखवतो आणि पहिल्या श्रावणात रात्री नऊला अंधार होतो. कोटेशन हातात आलं की एकच प्रश्न विचारा : 'हे युनिट कोणत्या महिन्याचे धरलेत?'

१२ किलोवॅटच्या प्लँटमधून उन्हाळ्यात रोज ४५ युनिटच्या वर मिळतील, म्हणजे दिवसा बरीच वीज उरेल. ती चक्कीला आणि पाण्याच्या मोटरीला दुपारीच वापरायची. बॅटरीत भरून रात्री काढलेल्या युनिटपेक्षा उन्हात थेट वापरलेलं युनिट स्वस्त पडतं.

बॅटरी रात्रीच्या वापरावर ठरते

घरातल्या साडेबावीस युनिटपैकी १८ तरी दिवस मावळल्यावर लागतात. पथदिव्यांचे २ मिळवले की २० होतात आणि इन्व्हर्टरची घट धरली की बॅटरीतून २२ काढावे लागतात. लेड-ॲसिड ट्यूब्युलर बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून २२ च्या दुप्पट, ४४ युनिटची बॅटरी हवी. २ व्होल्ट, ४०० एएचचे ६० सेल जोडले की ४८ युनिटची बँक होते, ती आपल्याला पुरेल. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे २८ युनिटची चालते. पण सुरुवातीचा पैसा जास्त आणि बिघडली तर गावात दुरुस्त होत नाही.

ही बॅटरी एका रात्रीची आहे. सलग तीन दिवस झड लागली तर ती पुरणार नाही. तिप्पट बॅटरी घेणं परवडत नाही, म्हणून काय आधी बंद करायचं ते अगोदरच ठरवून भिंतीवर लिहा. पहिली चक्की, मग निम्मे पथदिवे, मग रात्री दहानंतर टीव्ही. घरातले बल्ब शेवटपर्यंत चालू राहावेत.

बॅटरीचा शत्रू म्हणजे उष्णता. बॅटरी कायम दहा अंश जास्त तापत राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात ४० च्या वर पारा जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवली तर पाच वर्षांची बॅटरी अडीच-तीन वर्षांत गेली म्हणून समजा. खोली जाड भिंतीची, स्लॅबची किंवा कौलारू आणि वरून हवा खेळती हवी. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो साचला तर ठिणगीने पेट घेतो. त्या खोलीत विडी-काडी पूर्ण बंद.

बॅटरी खराब होतेय हे आधी कळतं. दर महिन्याला ऑपरेटरने हायड्रोमीटरने प्रत्येक सेलचा आकडा वहीत लिहावा. ६० पैकी ५८ सेल सारखे आणि दोनच मागे पडले असतील तर ते दोन सेल बदलून काम होतं. लिहिलंच नाही तर ते दोन सेल बाकीच्यांनाही खाली ओढतात आणि वर्षभरात सगळी बँक जाते. पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचं पाणी एकदा जरी टाकलं तरी नुकसान होतं.

तार बारीक तर शेवटच्या घरात टीव्ही बंद

संध्याकाळी एक घर साधारण ११० वॅट ओढतं. चाळीस घरं आणि पथदिवे मिळून साडेचार किलोवॅट. यासाठी १० केव्हीएचा इन्व्हर्टर पुरतो आणि चक्कीला चालू होताना लागणारी ताकदही त्यात बसते.

तांड्याची एक ओळ ३०० मीटर लांब आहे आणि तिच्यावर १५ घरं आहेत असं धरा. त्या तारेतून सात अँपिअर करंट जाईल. १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम एबी केबल टाकली आणि सगळा लोड शेवटी धरला तरी आठ व्होल्ट पडतात. प्लँटवर २३० असतील तर शेवटच्या घरात २२२, म्हणजे ठीक. पैसे वाचवायला ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर ओढली तर तिथेच ३० व्होल्ट पडतात आणि शेवटच्या घराला जेमतेम २०० मिळतात. तिथे पंखा मंद फिरतो आणि भांडणं सुरू होतात. रात्री आठला प्लँटवर आणि शेवटच्या घरात मल्टिमीटर लावा. फरक पंधरा व्होल्टच्या वर असेल तर तार बारीक आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. ढिला जोड गरम होतो आणि काळा पडतो.

चक्की शेवटच्या टोकाला कधीच देऊ नका. ३ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १४ अँपिअर घेते, पण चालू होताना पाचपट ओढते. ३०० मीटरवर त्या क्षणी ८० व्होल्ट पडतील, मोटर नुसती गुणगुणेल आणि सगळ्या ओळीचे बल्ब मिणमिणतील. चक्की प्लँटच्या भिंतीला लागून हवी आणि तिला सॉफ्ट स्टार्टर हवा.

एबी केबल म्हणजे पीळ दिलेली, आवरणाची केबल. उघड्या तारेपेक्षा महाग, पण तिच्यावर आकडा टाकता येत नाही आणि वाऱ्यात तारा एकमेकींना लागत नाहीत. जिथे रस्ता ओलांडायचा तिथे केबल जमिनीपासून ५.८ मीटर तरी उंच हवी, नाहीतर कडब्याने भरलेला ट्रॅक्टर ती घेऊन जाईल.

आपल्याकडे अर्थिंगला खास जपावं लागतं. लोणारचं सरोवर ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये आहे, तोच खडक आजूबाजूला हात-दोन हातांवर लागतो आणि कोरड्या खडकात अर्थिंग बसत नाही. खड्डा खोल घ्या, मुरुमाऐवजी काळी माती आणि बेंटोनाइट भरा, उन्हाळ्यात पाणी घाला आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या. सरोवराभोवती अभयारण्य आहे. त्या हद्दीतून खांब न्यायचे असतील तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

मीटर खांबावर, एमसीबीही खांबावर

प्रत्येक घराला मीटर आणि त्यासोबत २ अँपिअरचा एमसीबी. २ अँपिअर म्हणजे ४६० वॅट. टीव्ही, पंखा, बल्ब यांना हे भरपूर झालं. मिक्सर दोन मिनिटं चालवला तरी एमसीबी सहसा पडत नाही. १००० वॅटची इस्त्री किंवा पाणी तापवायची रॉड लावली तर मात्र थोड्याच वेळात पडतो. यात घरमालकाला शिक्षा करायचा हेतू नाही. दहा घरांनी एकदम रॉड लावली तर १० किलोवॅट होतात आणि सगळा तांडा अंधारात जातो.

मीटर आणि एमसीबी दोन्ही खांबावरच्या कुलूपबंद पेटीत ठेवा, म्हणजे मीटरच्या आधी जोड मारता येत नाही आणि थकबाकीदाराची वीज तोडायला त्याच्या घरात शिरावं लागत नाही.

एक मोठा मीटर प्लँटवर आणि एकेक प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हवा. महिन्याला प्लँटच्या मीटरवर ९०० युनिट आणि सगळ्या घरांची, चक्कीची, दिव्यांची बेरीज ८६० असेल तर ४० तारेत गेले, हे ठीक. बेरीज ७६० आली तर कुठेतरी चोरी आहे, मीटर बंद आहे किंवा केबलला गळती आहे. ओळीचे मीटर असले की कोणत्या ओळीत ते दहा मिनिटांत कळतं. नसले की सगळा तांडा एकमेकांवर संशय घेतो.

ऊन फुकट, वीज फुकट नाही

प्लँट कुठल्यातरी योजनेतून किंवा कंपनीच्या सीएसआर निधीतून फुकट मिळाला असं धरू. तरी महिन्याचा खर्च असा येतो :

- बॅटरी बँक समजा ४ लाखांची, पाच वर्षांनी बदलायची : महिन्याला ६,७०० रुपये
- इन्व्हर्टर समजा २ लाखांचा, दहा वर्षांनी बदलायचा : १,७०० रुपये
- गावातलाच अर्धवेळ ऑपरेटर : ४,००० रुपये
- डिस्टिल्ड पाणी, फ्यूज, मीटर, विमा, किरकोळ : १,६०० रुपये

एकूण १४,००० रुपये. महिन्याला साधारण ८०० युनिट विकले गेले तर एका युनिटला साडेसतरा रुपये पडतात. महावितरणची घरगुती वीज यापेक्षा खूप स्वस्त आहे. हे पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर कळलं की लोक फसवल्यासारखं म्हणतात.

सगळे पैसे युनिटवर लावू नयेत. लावले तर वापर घटलेल्या महिन्यात बॅटरीचा पैसा जमत नाही, पण बॅटरी तर जुनी होतच असते. म्हणून दोन भाग करा. घरटी १५० रुपये स्थिर आकार, म्हणजे ६,०००. वर १० रुपये युनिट, घरांच्या ६६० युनिटचे ६,६००. चक्कीला १२ रुपये दराने १५० युनिटचे १,८००. पथदिवे, शाळा, अंगणवाडीचे ९० युनिट, त्यांचे ९०० ग्रामपंचायतीकडून. एकूण १५,३००. एका घराचं बिल ३१५ रुपयांच्या आसपास येतं.

१४,००० खर्च आणि १५,३०० जमा, म्हणजे शिल्लक १,३०० ची. दहा टक्के थकले की १३,८०० च हातात येतात आणि तूट सुरू. ही तूट लगेच दिसत नाही, कारण ऑपरेटरचा पगार निघतो, दिवे चालू असतात. ती पाचव्या वर्षी दिसते, बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा. म्हणून बॅटरीचे ६,७०० रुपये दर महिन्याला सगळ्यात आधी, वेगळ्या बँक खात्यात, दोन-तीन जणांच्या सहीने टाका. पगार आणि किरकोळ खर्च त्यानंतर. पासबुकाचा फोटो दर महिन्याला वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला पाहिजे.

आपल्या भागात पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो. जून ते सप्टेंबर पेरणी-फवारणीत हात आखडलेला असतो. आठ घरांनी या चार महिन्यांत बिल दिलं नाही तर दहा हजार रुपये अडकतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास सहा महिन्यांचं आगाऊ भरायची सोय ठेवा. प्रीपेड मीटर असतील तर हे आपोआप होतं. मीटरवर २० आकडी टोकन टाकायचं, पैसे संपले की वीज थांबते आणि तोडायला कुणाला जावं लागत नाही, म्हणून भाऊबंदकीही होत नाही. असा मीटर महाग असतो आणि बिघडला तर बदलायला वेळ लागतो, म्हणून दोन-चार जादा घेऊन ठेवा.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांचा प्रश्नही आधीच सोडवा. पंधरा घरं पाच महिने कुलूपबंद राहिली आणि त्यांनी स्थिर आकार दिला नाही तर ११,२५० रुपयांचा खड्डा पडतो. निम्मा आकार घ्यायचा की पूर्ण, हे ते लोक गावात असतानाच बैठकीत ठरवून ठराव लिहा.

लाईन जवळ असेल तर?

महावितरणचा खांब वस्तीजवळ असेल तर आधी कनेक्शन मागा. कनेक्शन असलेल्या घराला पीएम सूर्यघर योजनेत छपरावरच्या सोलरसाठी दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा वर ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, बॅटरीची गरजही पडत नाही. मिनी-ग्रिड शोभतं ते लाईन खरोखर लांब असलेल्या ठिकाणी.

वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र लागू राहतात, म्हणून सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांकडे चौकशी करा. आणि उद्या सरकारी लाईन आली तर आपल्या प्लँटचं, तारांचं आणि बॅटरीच्या खात्यातल्या पैशांचं काय करायचं, हे करारात आजच लिहून घ्या.